एक्झॉटिक चलनजोडीत सौदा टाकण्याआधी: स्प्रेड कसा मोजायचा आणि लिक्विडिटी कशी तपासायची

मेजर, मायनर आणि एक्झॉटिक ही वर्गवारी बहुतेकांना पाठ असते, तरीही पैसे जातात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वेगवेगळ्या जोड्यांचे स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, पिपमध्ये, म्हणजे बहुतेक जोड्यांत भावाच्या चौथ्या दशांशात, एकमेकांशी ताडून पाहिले जातात. दुसरं, दुपारी दिसलेला स्प्रेड रात्रीही तसाच राहील असं गृहीत धरलं जातं. या लेखात USDZAR, म्हणजे डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड, ही एकच जोडी घेऊन सगळी तपासणी क्रमाने केली आहे. दुसरी कुठलीही एक्झॉटिक जोडी असली तरी क्रम हाच ठेवावा. उदाहरणातले भाव हिशोबासाठी घेतलेले आहेत, ते आजचे भाव नव्हेत.

## आधी हे तपासा: तुम्हाला हा सौदा करता येतो का?

तुम्ही भारतात राहत असाल तर फेमा कायद्याखाली चलनाचे ऑनलाइन सौदे फक्त मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच करता येतात. आपल्या एक्स्चेंजवर रुपयाच्या चार जोड्या आहेत: डॉलर, युरो, पाउंड आणि येन. त्याशिवाय EURUSD, GBPUSD आणि USDJPY आहेत. रँड किंवा लिरा तिथे नाही. उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे एलआरएसमधून, परदेशी ब्रोकरकडे मार्जिनचे पैसे पाठवायलाही परवानगी नाही. शिवाय 3 मे 2024 पासून रुपयाच्या करारांसाठी तुमच्याकडे परकीय चलनातलं खरं देणं किंवा येणं असावं लागतं.

इशारा: एखाद्या ॲपचं नाव रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये नाही, म्हणजे त्याला परवानगी आहे असं होत नाही. ती यादी परिपूर्ण नाही हे बँकेनेच सांगितलेलं आहे. यूपीआयवर पैसे घेऊन USDZAR विकायला देणारा माणूस तुम्हाला कायद्याच्या बाहेर नेत असतो, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा उरत नाही.

पुढचे टप्पे प्रामुख्याने लंडन, सिंगापूर, जोहान्सबर्ग अशा ठिकाणी राहून तिथल्या परवानाधारक ब्रोकरकडे सौदे करणाऱ्यांसाठी आहेत. इथल्या निर्यातदारांनाही दुसरा, तिसरा आणि चौथा टप्पा उपयोगी पडेल, कारण बँक देते तो भावही याच रीतीने बनतो.

## टप्पा 1: जोडी कुठल्या गटात आहे ते ठरवा, पण तिथेच थांबू नका

मेजर म्हणजे एका बाजूला डॉलर आणि दुसऱ्या बाजूला युरो, येन, पाउंड, स्विस फ्रँक किंवा ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड यांचा डॉलर. मायनर किंवा क्रॉस म्हणजे याच चलनांच्या अमेरिकी डॉलर वगळून केलेल्या जोड्या: EURGBP, EURJPY, AUDNZD वगैरे. एक्झॉटिक म्हणजे एका बाजूला मोठं चलन आणि दुसऱ्या बाजूला उदयोन्मुख किंवा छोट्या बाजारपेठेचं चलन: USDZAR, USDTRY, USDMXN, EURHUF.

ही वर्गवारी कुठल्याही संस्थेने ठरवून दिलेली नाही, ती बाजारातली बोलण्याची पद्धत आहे. त्यामुळे एक ब्रोकर नॉर्वेचा क्रोन मायनरमध्ये दाखवतो, तर दुसरा एक्झॉटिकमध्ये. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल 2022 च्या पाहणीत डॉलर-युआन ही उलाढालीने जगातली चौथी मोठी जोडी होती, डॉलर-फ्रँकच्याही पुढे. तरी कित्येक ब्रोकर युआनला एक्झॉटिकमध्येच बसवतात.

त्याच पाहणीत दिवसाची एकूण उलाढाल सुमारे 7.5 लाख कोटी डॉलर होती. तीत 88 टक्के व्यवहारांच्या एका बाजूला डॉलर होता आणि एकट्या EURUSD चा वाटा जवळपास 23 टक्के होता. रँड सुमारे 1 टक्का व्यवहारांत होता, तोही जगातल्या सगळ्या चलनांबरोबरचा धरून. तुर्की लिरा तर 0.4 टक्क्यांत. पुढचं सगळं या आकड्यांतून निघतं.

## टप्पा 2: स्प्रेड टक्क्यांत काढा

समजा स्क्रीनवर हे दोन भाव दिसतात:

```
EURUSD   Bid 1.10000    Ask 1.10010
USDZAR   Bid 18.0000    Ask 18.0120
```

पहिल्यात 1 पिप, दुसऱ्यात 120 पिप. बघणाऱ्याला वाटतं, रँड 120 पट महाग. हा निष्कर्ष चूक आहे, कारण 1.10 च्या भावातला चौथा दशांश आणि 18 च्या भावातला चौथा दशांश यांची किंमत सारखी नसते. म्हणून सूत्र हे:

```
स्प्रेड % = (Ask - Bid) / ((Ask + Bid) / 2) * 100
```

EURUSD साठी उत्तर येतं 0.009 टक्के आणि USDZAR साठी 0.067 टक्के. म्हणजे रँड महाग आहे, पण सुमारे सव्वासात पट. पैशांत सांगायचं तर 10,000 डॉलरच्या सौद्यात EURUSD मध्ये साधारण 91 सेंट जातात आणि USDZAR मध्ये 6 डॉलर 66 सेंट. सौदा उघडून लगेच बंद केला तरी हे गेलेच.

आता दुसरी बाजू. रँड दिवसभरात हलतोही जास्त. म्हणून स्प्रेडला रोजच्या सरासरी हालचालीने भागून पाहा. मागच्या 20 दिवसांचा उच्चांक-नीचांक यांतला फरक काढा आणि सरासरी घ्या. समजा EURUSD ची सरासरी 0.0060 आली आणि USDZAR ची 0.2000. मग EURUSD मध्ये स्प्रेड दिवसाच्या हालचालीच्या 1.7 टक्के आहे आणि USDZAR मध्ये 6 टक्के. ‘हलतो जास्त म्हणून स्प्रेडचं काही वाटत नाही’ हा युक्तिवाद इथे अर्धाच टिकतो. हालचाल धरूनही खर्च साडेतीन पट उरतोच. दिवसातून चार-पाच वेळा आत-बाहेर करणाऱ्याला हा आकडा पेलवत नाही.

तपासा: मेटाट्रेडरच्या `Market Watch` मध्ये स्प्रेडचा स्तंभ चालू केला की आकडा पॉइंटमध्ये येतो, पिपमध्ये नाही. EURUSD पाच दशांशांत दाखवणाऱ्या ब्रोकरकडे 10 पॉइंट म्हणजे 1 पिप. USDZAR कुणी चार दशांशांत दाखवतो, कुणी पाच. जोडीवर उजवं क्लिक करून `Specification` मध्ये `Digits` बघा आणि मगच आकडा वाचा. हिशोब दहा पटींनी चुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

## टप्पा 3: हा स्प्रेड कशाचा बनलेला आहे ते समजून घ्या

कारण कळलं नाही तर स्प्रेड कधी फाटेल याचा अंदाज येत नाही. म्हणून भाव देणाऱ्या डीलरच्या खुर्चीत बसून बघा.

तुम्ही डीलरला 10 लाख युरो विकलेत. त्याच्याकडे युरो आले आणि भाव पडण्याची जोखीमही आली. पण EURUSD मध्ये पुढच्या काही क्षणांत कुणीतरी उलटा सौदा घेऊन येतोच. जोखीम अंगावर राहण्याचा वेळ इतका कमी की डीलर अगदी थोड्या फरकावर भाव देऊ शकतो. रँडमध्ये तसा गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात रँड युरोपेक्षा जास्त हलतो. जास्त वेळ आणि जास्त हालचाल या दोन्हींची किंमत डीलर स्प्रेडमध्ये लावतो. लिक्विडिटी पातळ असणं आणि स्प्रेड रुंद असणं ही वेगळी दुखणी नाहीत. दुसरं पहिल्यातून येतं.

त्यातून गर्दी एकाच बाजूला झाली की आणखी बिघडतं. जास्त व्याजाच्या चलनात जगभरचे छोटे गुंतवणूकदार एकाच दिशेने बसलेले असतात. घबराट झाली की सगळे विकायला येतात आणि घेणारा नाहीसा होतो.

तिसरं कारण सेटलमेंटचं. मोठ्या चलनांचे सौदे सीएलएस नावाच्या व्यवस्थेतून पुरे होतात. तिथे दोन्ही बाजूंचे पैसे एकाच वेळी हलतात, त्यामुळे आपण दिले आणि समोरून आलेच नाहीत असं होत नाही. या व्यवस्थेत 18 चलनं आहेत. रँड आहे, मेक्सिकोचा पेसो आहे. लिरा नाही, थाई बाट नाही, आपला रुपयाही नाही. व्यवस्थेबाहेरच्या अशा चलनांत बँका समोरच्या पक्षाला मर्यादा घालून भाव देतात, आणि मर्यादा घातली की भाव देणारे कमी होतात.

चौथं कारण सरकारी हस्तक्षेपाचं, आणि याचा दाखला तुर्कस्तानचाच द्यावा लागतो. मार्च 2019 च्या अखेरीस, स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर, तुर्की बँकांनी परदेशी बँकांना लिरा उधार देणं जवळपास थांबवलं. लंडनच्या बाजारात एका रात्रीसाठी लिरा घेण्याचा दर वर्षाला 1000 टक्क्यांच्या वर गेला. लिरा विकून बसलेल्यांना सौदा पुढे न्यायला लिराच मिळेना. ही शक्यता डोक्यात ठेवून भाव देणारा डीलर स्प्रेड अरुंद ठेवणार नाही.

### डॉलर नसलेली एक्झॉटिक जोडी: दोनदा खर्च

रँड आणि येन यांच्यात थेट सौदे फार थोडे होतात. ZARJPY चा भाव डॉलरमधून फिरवून बनतो. USDJPY 150.00 / 150.01 आणि USDZAR 18.0000 / 18.0120 असेल, तर:

```
ZARJPY Bid = 150.00 / 18.0120 = 8.3278
ZARJPY Ask = 150.01 / 18.0000 = 8.3339
```

स्प्रेड 0.073 टक्के. दोन्ही पायांच्या स्प्रेडची बेरीज केलीत तर हाच आकडा येतो. त्यात ब्रोकर आपला वाटा मिसळतो तो वेगळा. नाशिकहून द्राक्षं नेदरलँड्सला पाठवणाऱ्याला बँक युरो-रुपयाचा भाव देते, तोही EURUSD आणि USDINR हे दोन पाय जोडूनच. बँकेकडून भाव घेताना त्याच क्षणाचे हे दोन भाव समोर ठेवा आणि गुणाकार करून बघा. फरक किती पैशांचा आहे हे कळल्याशिवाय घासाघीस करता येत नाही.

## टप्पा 4: तासानुसार स्प्रेडची वही ठेवा

ब्रोकरच्या संकेतस्थळावर ‘किमान स्प्रेड’ किंवा ‘सरासरी स्प्रेड’ लिहिलेला असतो. त्यावर विसंबू नका. सौदा टाकण्याआधी किमान दहा कामकाजाचे दिवस ठरावीक वेळी बिड आणि आस्क लिहून ठेवा. चार वेळा पुरतात (भारतीय वेळेनुसार):

1. सकाळी 7. टोकियो जागं, जोहान्सबर्ग झोपलेलं.
2. दुपारी 2. जोहान्सबर्ग आणि लंडन दोन्ही चालू.
3. संध्याकाळी 7. लंडन आणि न्यूयॉर्क एकत्र, जोहान्सबर्गचा कामकाजाचा दिवस संपत आलेला.
4. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी 5 च्या आसपास, म्हणजे अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना आपल्या पहाटे 2:30 आणि हिवाळ्यात 3:30.

जागून आकडे लिहिणं शक्य नसेल तर स्प्रेड नोंदवणारं छोटं टूल प्लॅटफॉर्मवर लावा, पण चौथी नोंद गाळू नका. त्या वेळी बँकांचा व्यापारी दिवस बदलतो, भाव देणारे काही मिनिटं बाजूला होतात आणि मेजर जोड्यांचेही स्प्रेड फाटतात. एक्झॉटिकमध्ये ते अनेक पटींनी फाटू शकतात.

रुपयाचं उदाहरण या वहीचं महत्त्व दाखवतं. परदेशी ब्रोकरच्या यादीत रुपया एक्झॉटिक आहे. पण मुंबईच्या इंटरबँक बाजारात भर दुपारी डॉलर-रुपयाचा फरक पाव-अर्ध्या पैशाचा असू शकतो, म्हणजे टक्केवारीत वरच्या उदाहरणातल्या EURUSD च्या तोडीचा. मुंबई बंद झाली की बाहेर तोच रुपया कितीतरी रुंद स्प्रेडने मिळतो. चलन तेच, घरचा बाजार मिटला एवढंच.

तपासा: वहीतला सगळ्यात वाईट आकडा दुपारच्या आकड्याच्या पाच पटींहून जास्त असेल, तर त्या ब्रोकरकडे ती जोडी रात्रभर ठेवू नका.

## टप्पा 5: स्टॉप लॉस स्प्रेडच्या बाहेर ठेवा

नेहमीची तक्रार असते: ‘चार्ट माझ्या स्टॉपपर्यंत गेलाच नाही, तरी सौदा कापला.’ बऱ्याचदा यात फसवणूक नसते. मेटाट्रेडरचा चार्ट बिड भावाचा असतो, आणि विकलेला सौदा बंद होतो आस्क भावावर.

वरचाच सौदा घ्या. तुम्ही USDZAR 18.0000 ला विकला. स्टॉप 18.0300 ला. तेव्हा आस्क 18.0120. पहाटे स्प्रेड 0.0120 वरून 0.0600 झाला, मधला भाव मात्र 18.0060 वरच थांबला. आता बिड 17.9760 आणि आस्क 18.0360. चार्टवर भाव खाली, म्हणजे तुमच्या फायद्याच्या दिशेने गेलेला दिसतो, आणि त्याच क्षणी तुमचा स्टॉप उडालेला असतो.

उपाय दोन. चार्टच्या गुणधर्मांत (`F8`) आस्क रेषा दाखवण्याचा पर्याय चालू करा. आणि विकलेल्या सौद्याचा स्टॉप ठरवताना आधी चार्टवरची जागा निवडा, मग वहीतल्या सगळ्यात वाईट स्प्रेडइतका तो वर सरकवा. स्टॉप लांब गेला म्हणून जोखीम वाढू द्यायची नाही. लॉट कमी करायचा.

## टप्पा 6: सौद्याचा आकार स्टॉपवरून काढा, मग स्टॉप चुकला तर काय ते बघा

खात्यात 2,000 डॉलर, एका सौद्यात जोखीम 1 टक्का, म्हणजे 20 डॉलर. 18.0000 ला विक्री, स्टॉप 18.1500. दर 1,000 डॉलरमागे तोटा 150 रँड, म्हणजे साधारण सव्वाआठ डॉलर. 20 ला सव्वाआठने भागलं की 2.4. खालचा पूर्ण आकडा घ्या: 2,000 डॉलर, म्हणजे 0.02 लॉट.

इथे बहुतेक जण थांबतात. पातळ बाजारात आणखी एक हिशोब करावा लागतो, कारण स्टॉप लॉस म्हणजे त्या भावाची हमी नव्हे. तो भाव लागल्यावर ‘मिळेल त्या भावाने बंद कर’ असा तो हुकूम असतो.

11 जानेवारी 2016 च्या सोमवारी हे उघड दिसलं. आशियातल्या सुरुवातीच्या तासांत, जोहान्सबर्ग उघडायला अजून वेळ असताना, रँड काही मिनिटांत डॉलरसमोर सुमारे 9 टक्के कोसळला आणि डॉलर 18 रँडच्या उंबरठ्यावर पोचला. त्या दिवशी जपानमध्येही सुट्टी होती. व्याजाच्या लोभाने रँड घेऊन बसलेल्या जपानी किरकोळ गुंतवणूकदारांचे स्टॉप एकामागून एक उडत गेले, आणि प्रत्येक स्टॉपने पुढचा स्टॉप ओढून आणला, असंच या पडझडीचं स्पष्टीकरण दिलं गेलं. नंतर भाव बराचसा परत आला, पण ज्यांचे सौदे तळाशी कापले गेले त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

तुमच्या 2,000 डॉलरच्या सौद्यावर असा धक्का बसला तर तोटा सुमारे 165 डॉलर, म्हणजे 1 टक्क्याऐवजी खात्याच्या 8 टक्क्यांहून जास्त. दुखेल, पण खातं उरेल. तोच सौदा 20 पट लिव्हरेजने 40,000 डॉलरचा असता तर तोटा 3,300 डॉलर, म्हणजे खात्यात आहे त्याहून जास्त. म्हणून दुसरी मर्यादा अशी लावा: 10 टक्क्यांची उडी धरून येणारा तोटा खात्याच्या दहाव्या हिश्शाहून मोठा नको. दोन्ही मर्यादांपैकी जो आकार लहान येईल तो घ्या.

इशारा: मेजर किंवा मायनर आहे म्हणून ही उडी होणारच नाही असं समजू नका. 15 जानेवारी 2015 ला स्विस नॅशनल बँकेने युरोसाठीची 1.20 ची पातळी सोडली, तेव्हा EURCHF आणि USDCHF मध्येही काही काळ घेणारा सापडत नव्हता.

## टप्पा 7: ऑर्डर कशी टाकायची आणि रात्री ठेवायची का

मार्केट ऑर्डर टाळा. लिमिट ऑर्डर टाका. पातळ बाजारात पहिल्या भावावर थोडीच रक्कम उपलब्ध असते, मोठी ऑर्डर पुढच्या वाईट भावांवर सरकत जाते. दक्षिण आफ्रिकेच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदराचा निर्णय किंवा अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे असतील, तर आधीची आणि नंतरची पंधरा मिनिटं हात आवरा.

रात्रीचा प्रश्न स्वॅपचा, म्हणजे सौदा रात्रभर ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या किंवा कापल्या जाणाऱ्या व्याजाचा. रँडवरचं व्याज डॉलरपेक्षा जास्त असतं तेव्हा USDZAR विकणाऱ्याला रोज काही रक्कम मिळू शकते. `Specification` मध्ये `Swap long` आणि `Swap short` दोन्ही बघा. घेणाऱ्याकडून किती कापतात आणि विकणाऱ्याला किती देतात यांतली तफावत म्हणजे ब्रोकरचा वाटा, आणि एक्झॉटिकमध्ये तो मोठा असतो. काही ठिकाणी दोन्ही आकडे उणे असतात. तिथे व्याजासाठी सौदा करण्याला अर्थच नाही.

आकडा उणे नसेल तर भागाकार करा. 10,000 डॉलरच्या सौद्यात रोज 90 सेंट मिळत असतील, तर 6 डॉलर 66 सेंटचा स्प्रेड भरून निघायलाच आठ रात्री लागतात. त्या आठही रात्री न्यूयॉर्कचे 5 वाजतात आणि स्प्रेड फाटतो. शनिवार-रविवारचा स्वॅप धरून एके दिवशी तिप्पट आकारणी होते. बहुतेक जोड्यांत तो दिवस बुधवार असतो, पण USDTRY किंवा USDCAD सारख्या एका दिवसात सेटल होणाऱ्या जोड्यांत ब्रोकर तो गुरुवारी लावू शकतो. `Specification` मध्ये तो वारही लिहिलेला असतो. तो वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवा.